रक्त हिरवं असलं तरी गोळी कोणाला लागते?

वाचकाचं पत्र

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. मे महिन्यात नागपुरात दुपारी पोट्ट्यांना बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे गेमवरून घरात रोजची कटकट. लढाईला माझी ना नाही. दसऱ्याला रावण जळताना तो बघतो, मारबतीच्या मागे धावतो. राक्षस, ड्रॅगन, जादूची तलवार, सगळं चालेल. पण माणसानं माणसाला गोळी घालायची, रक्त उडायचं, तुटलेले अवयव दिसायचे, हे मला नको. सोसायटीतली मुलं बीजीएमआय खेळतात. तो म्हणतो, "आई, त्यात रक्त हिरवं असतं, मग काय प्रॉब्लेम आहे?" मला उत्तर देता आलं नाही. घरात एक साधा अँड्रॉइड फोन आहे आणि त्याच्या बाबांचा जुना लॅपटॉप: आय-थ्री, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. कोणते गेम द्यावेत? आणि पुढे तो नवीन काही मागेल तेव्हा मी ते कसं तपासू?

— एक आई, मानेवाडा

उत्तर

ताई, मुलाला सांगा की रंग बदलला, पण गोळी ज्याला लागली तो माणूसच राहिला. बीजीएमआयमध्ये समोरचा माणसासारखाच धावतो, आडोसा घेतो, जमिनीवर झोपून सरपटतो. गोळ्या लागल्या की तो गुडघ्यांवर येतो, जोडीदार वाचवायला येईपर्यंत रांगत राहतो, आणि त्या अवस्थेतही त्याला मारता येतं. हातातल्या बंदुका एकेएम, एम४१६ अशा खऱ्या बंदुकांच्या बरहुकूम असतात. शिडकावा हिरवा असला तरी यातलं काहीच हलत नाही.

तुमच्या पत्रात खरं तर दोन वेगळ्या अटी आहेत, आणि त्या वेगळ्याच ठेवा. पहिली, माणसावर खरी वाटेल अशी हिंसा नको. दुसरी, शरीराची चिरफाड नको. एखादा गेम एकीत पास होऊन दुसरीत नापास होतो, आणि पालकांची फसगत नेमकी तिथेच होते. फोर्टनाइट घ्या. त्यात रक्ताचा थेंब नाही. हरलेल्याला एक छोटा ड्रोन येऊन उजेडाच्या झोतात उचलून नेतो. दुसरी अट पूर्ण झाली. पण समोर बहुतेक वेळा माणूसच असतो आणि हातात बंदूकच असते, म्हणून पहिल्या अटीत तो अडकतो. उलट, प्लँट्स व्हर्सेस झोंबीज हा बागेतली झाडं झोंबींवर वाटाणे फेकतात असा हसरा खेळ. पहिल्या अटीत निवांत पास. पण त्यात मार बसला की झोंबीचा आधी हात गळून पडतो आणि मग डोकं. ते अगदी व्यंगचित्रासारखं आहे आणि बहुतेक घरांत चालून जातं, तरी 'तुटलेले अवयव नको' असं लिहिणाऱ्या आईला ते आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून नवीन गेम समोर आला की तीनच प्रश्न विचारा. घाव कोणावर बसतो? घाव बसल्यावर शरीराचं काय होतं? आणि नंतर जमिनीवर काय उरतं?

याची उत्तरं जाहिरातीच्या व्हिडिओत मिळत नाहीत. यूट्यूबवर गेमचं नाव टाकून पुढे `gameplay no commentary` असं लिहा, म्हणजे कोणाची बडबड नसलेलं सरळ खेळणं दिसेल. अख्खा व्हिडिओ बघायची गरज नाही, तीन जागा गाठा: पहिली चकमक, एखाद्या मोठ्या शत्रूशी झालेली लढाई, आणि खेळणाऱ्याचं स्वतःचं मरण. तिसऱ्या जागेकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. लिंबो नावाचा काळ्या-पांढऱ्या सावल्यांचा एक गेम आहे. चित्र बघून तो गोष्टीच्या पुस्तकासारखा वाटतो, आणि त्यातला छोटा मुलगा कोणावर गोळीही झाडत नाही. पण सापळ्यात सापडला की त्याच मुलाचे तुकडे होतात, डोकं उडतं, कोळ्याचा टोकदार पाय त्याच्या आरपार जातो. खेळणारा त्यात पुन्हा पुन्हा मरतो, कारण कोडं सोडवायची रीतच ती आहे. शत्रूंकडे बघून हा गेम पास केला असता, तर चिरफाड नायकाची बघायला लागली असती. आणि आवाज चालू ठेवून बघा. काही ठिकाणी चित्र सौम्य असतं, किंकाळी मात्र सौम्य नसते.

आता वयाच्या शिक्क्यांबद्दल. भारतात प्ले स्टोअरवर गेमखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे असतात. त्या आकड्यावर बोट ठेवलं की खाली कारणाची ओळ उघडते, आणि आकड्यापेक्षा ती ओळ तुमच्या जास्त कामाची. अमेरिकेतली ईएसआरबी ही संस्था याहून बारकाईनं शब्द वापरते, आणि तिच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की कोणालाही ते वाचता येतात. त्यातले चार शब्द ओळखून ठेवा. `Fantasy Violence` म्हणजे खऱ्या आयुष्यापासून सहज वेगळी ओळखू येणारी काल्पनिक लढाई; मात्र तीत माणसंही असू शकतात, हे त्या व्याख्येतच आहे. `Animated Blood` म्हणजे रंग बदललेलं किंवा खरं न वाटणारं रक्त. तुमच्या मुलाचा हिरव्या रक्ताचा मुद्दा याच खणात बसतो. `Blood` म्हणजे रक्त. आणि `Blood and Gore` म्हणजे रक्त किंवा अवयवांची मोडतोड. शेवटचा शब्द दिसला की तिथेच थांबा आणि तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच मालिकेतल्या दोन भागांचे शिक्के वेगळे असतात, हेही ध्यानात असू द्या. २००७ च्या पहिल्या पोर्टलला तिथे तेरा वर्षांपुढचा शिक्का मिळाला, कारण खेळणाऱ्याला गोळी लागली की मागच्या भिंतीवर रक्ताचे डाग उमटतात. २०११ च्या पोर्टल २ ला दहा वर्षांपुढचा शिक्का आहे आणि रक्ताचा उल्लेख नाही. पहिला भाग चांगला आहे असं ऐकून तोच आधी घेतला, तर नको तेच दिसेल.

तुमच्या मुलापासून सुरुवात करायची तर आम्ही पोर्टल २ च निवडू. त्याला बंदुकीचा गेम हवाय, म्हणजे नक्की काय हवंय ते बघा: डोळ्यांसमोर हात, हातात यंत्र, नेम धरायचा, नेम बरोबर लागला की काहीतरी घडायचं. हे सगळं पोर्टल २ मध्ये आहे. फक्त त्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, भिंतीत दार उघडतं. एका भिंतीवर निळं दार, दुसऱ्या भिंतीवर नारिंगी. एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. विरोधात एक बोलकं यंत्र आहे आणि गोड आवाजात बोलणारे पांढरे टरेट, म्हणजे जागेवर उभ्या स्वयंचलित बंदुका, आहेत. ते गोळ्या झाडतात, लागल्या की पडद्याच्या कडा लाल होतात, पण टरेट पाडला तर तो कलंडतो आणि बंद पडतो. दोघांनी मिळून खेळायचा भागही आहे. त्यात दोन यंत्रमानव असतात, आणि एक कंट्रोलर जोडला तर लॅपटॉपच्या एकाच पडद्यावर दोघं खेळू शकतात. तुमच्या लॅपटॉपवर तो चालतो. ग्राफिक कार्ड वेगळं लागत नाही, जागा साधारण आठ जीबी लागते. अडचण एकच, संवाद भराभर इंग्रजीत आहेत. सेटिंगमध्ये जाऊन संवादाच्या ओळी पडद्यावर चालू करून द्या.

याच जातीचा दुसरा म्हणजे २०१७ चा स्लाइम रँचर. इथे हातात मोठा व्हॅक्यूम आहे. उड्या मारणारे रंगीत जेलीचे गोळे त्यानं ओढायचे, कुंपणात ठेवायचे, खायला घालायचं, आणि ते जे खडे टाकतात ते विकायचे. शत्रू म्हणजे टार, काळा आणि तेलासारखा चमकणारा स्लाइम, जो बाकीच्यांना खातो. त्याच्यावर तळ्यातलं पाणी फवारलं की तो विरघळतो. खेळणारा हरला तर मरत नाही, बेशुद्ध होऊन घरी जागा होतो. फक्त गोळा केलेलं सामान जातं. सुरुवातीला `Casual` निवडलं तर हल्ला करणारे स्लाइम येतच नाहीत. एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो: काही स्लाइम कोंबड्या खातात. कोंबडी गट्ट होते, रक्त वगैरे काही नाही, पण काही मुलांना ते वाईट वाटतं. आय-थ्री लॅपटॉपवर हा गेम चित्राचा दर्जा सगळ्यात खाली आणला तरच बरा चालेल, त्यामुळे आधी करून बघा. स्टीम या लॅपटॉपवरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून घेतल्यावर पहिला तासभर तुम्ही किंवा बाबांनी स्वतः खेळा: चालतो का ते कळेल, आणि आत काय आहे तेही. गेम नुसता उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो, तेव्हा आठवणीनं बंद करा.

फोनसाठी माइनक्राफ्ट तुम्ही ऐकलाच असेल. त्यात प्राण्याला किंवा झोंबीला मारलं की तो क्षणभर लाल होतो, आडवा पडतो, आणि पांढऱ्या धुरात नाहीसा होतो. रक्त नाही, तुकडे नाहीत. खाली मांस, हाड किंवा लोकर अशी चौकोनी वस्तू उरते. खेळणारा मेला की पडदा लालसर होतो आणि `You Died!` असं येतं, एवढंच. गावकरी मात्र माणसासारखे दिसतात आणि त्यांनाही मारता येतं. गेम तसं करायला सांगत नाही, तरी मुलं एकदा करून बघतातच. याबद्दल घरातला नियम तुम्ही आधीच सांगून ठेवा, कारण गावकऱ्यांना हात लागू नये असं साधं बटण गेममध्ये नाही.

नवीन जग तयार करताना `Difficulty` या ठिकाणी चार पर्याय असतात. `Peaceful` वर राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. पण तुमच्या मुलाला लढाई हवी आहे आणि तुमचीही हरकत नाही, तेव्हा त्याला `Peaceful` देऊ नका. दोन दिवसांत तो कंटाळून पुन्हा बीजीएमआयचं नाव काढेल. `Easy` वर सुरू करा. रात्री झोंबी आणि सांगाडे येतात, घर बांधून दिवा लावला की आत येऊ शकत नाहीत, आणि लढाईला एक कारण मिळतं. भीती वाटली तर खेळ चालू असतानाही सेटिंगमधून पातळी खाली आणता येते. भीती बहुधा गुहेतल्या अचानक येणाऱ्या आवाजांची असते, चित्रांची नसते.

ब्लून्स टीडी ६ फोनवर खेळायला उत्तम आणि तुमच्या दोन्ही अटींत सगळ्यात निर्मळ. वाटेनं फुगे येतात, कडेला बसवलेली माकडं ते फोडतात. कोणीच मरत नाही, फुगा फुटतो. काही माकडांच्या हातात बंदूक आहे, एक तर लांब पल्ल्याची रायफल घेऊन बसतं, पण नेम कायम फुग्यावर. हे सोपं प्रकरण समजू नका. कुठलं माकड कुठे बसवायचं, त्याला कोणती ताकद द्यायची, शिशाचा फुगा साध्या टोकदार बाणानं का फुटत नाही, यात सहावीतला मुलगा चांगला गुंतून जातो. एकट्यानं खेळायला इंटरनेट लागत नाही. विकत घेतल्यावरही आत आणखी खरेदीची दुकानं आहेत. ती न करता गेम व्यवस्थित खेळता येतो, त्यामुळे खरेदीला पासवर्ड लावून टाका.

हॉलो नाइट बारा-तेराव्या वर्षासाठी राखून ठेवा. सगळी पात्रं किडे आहेत, हातात खिळ्यासारखी तलवार, चित्रं देखणी. पण मेलेल्या किड्यांची कलेवरं जमिनीवर तशीच पडून राहतात, काहींमधून नारिंगी द्रव उडतो, आणि एकंदर वातावरण उदास आहे. शिवाय अवघड इतका की मोठी माणसंही चिडतात.

आता एक गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून दाखवतो, कारण तुमच्याकडे मागणी हमखास याचीच येईल. टेरारिया. मुलं त्याला आडवा माइनक्राफ्ट म्हणतात: बाजूनं दिसणारं जग, खणायचं, बांधायचं, लढायचं. जुन्या लॅपटॉपवर सहज चालतो, पात्रं बोटाच्या नखाएवढी. बघून वाटतं, यात काय असणार? पण ईएसआरबीच्या ओळीत `Blood and Gore` आहे. म्हणून थांबायचं आणि तीन प्रश्न लावायचे.

घाव कोणावर? स्लाइम, झोंबी, उडणारे डोळे, सांगाडे. तुमच्या पहिल्या अटीत बसतं. शरीराचं काय होतं? शत्रू मेला की त्याचे तुकडे उडून खाली पडतात आणि थोड्या वेळानं विरतात, सोबत रक्ताचे ठिपके. इथे अडलं. पण लॅपटॉपच्या आवृत्तीत सेटिंगमध्ये `Blood and Gore` नावाचंच बटण आहे. ते `Off` केलं की तुकडे आणि रक्त जाऊन त्या जागी धूर दिसतो. काय उरतं? नाणी.

बरेच पालक इथपर्यंत येऊन हो म्हणतात. पण बटण फक्त उडणारे तुकडे आणि शिंतोडे काढतं. जगाचं चित्र ते बदलत नाही. टेरारियात प्रत्येक जगात एक दूषित प्रदेश असतो, आणि तो दोनपैकी एका प्रकारचा. `Corruption` जांभळा, सडक्या मातीचा आणि अळ्यांचा. `Crimson` लाल, मांस आणि रक्त यांनीच बनल्यासारखा दिसणारा. नवीन जग तयार करताना यातला कोणता हवा हे निवडता येतं. न निवडल्यास गेम स्वतः कुठलाही देतो. तिथे `Corruption` निवडून द्या. हे एकदाच करायचं काम आहे, पण त्या जगात नंतर बदलता येत नाही, म्हणून जग तयार होताना तुम्ही शेजारी बसा.

अजून एक जागा आहे. खेळ अर्ध्यावर आला की एका मोठ्या शत्रूला बोलवायचं असतं, आणि तो म्हणजे डोळे-तोंड असलेली मांसाची भलीमोठी भिंत. त्याला बोलवायला गाइड नावाच्या माणसाची बाहुली लाव्हात टाकायची; बाहुली जळली की गाइड मरतो. तो नंतर परत येतो, तरी पहिल्या दिवसापासून मदत करणारा माणूस असा मारायचा, हे काही मुलांना टोचतं आणि काही पालकांना अजिबात आवडत नाही. इथपर्यंत पोचायला मुलाला बरेच आठवडे लागतात. तुम्ही आताच ठरवून सांगू शकता की इथे पोचलास की आधी मला बोलव. मग टेरारिया द्यावा का? बटण बंद, जग `Corruption` चं, आणि ही अट, एवढं करून आम्ही अकरा वर्षांच्या मुलाला देऊ. तुमच्या मुलाला सापळ्यांची, सांगाड्यांची भीती वाटत असेल तर अजून वर्षभर थांबा.

गेम योग्य निवडूनही नको ते घरात येतं ते तीन वाटांनी. पहिली म्हणजे फुकट गेममधल्या जाहिराती. गेम फुग्यांचा असतो आणि मधल्या जाहिरातीत भलत्याच गेममधली मारामारी दिसते. म्हणून शक्य तिथे एकदाच पैसे देऊन घेतलेला गेम परवडतो, नाहीतर इंटरनेट न लागणारा गेम फोन एअरप्लेन मोडवर टाकून खेळू द्या. दुसरी वाट म्हणजे जोडण्या. माइनक्राफ्टमध्ये बाहेरून आणलेल्या फायली टाकून खऱ्यासारख्या बंदुका आणि रक्तही आणता येतं. ते मूळ गेमच्या शिक्क्यात मोजलेलं नसतं. तिसरी वाट यूट्यूब. माइनक्राफ्टची पात्रं घेऊन लोकांनी स्वतः बनवलेल्या चित्रफिती भरपूर आहेत, आणि काहींत रक्तपात गेमपेक्षा किती तरी जास्त असतो. मुलगा खेळण्याचे व्हिडिओ बघत असेल तर त्याला यूट्यूब किड्समध्ये फक्त तुम्ही मंजूर केलेले चॅनल द्या.

रोब्लॉक्स तो मागेल. हा एक गेम नसून लोकांनी बनवलेल्या असंख्य गेमचं दुकान आहे, म्हणून त्याला एकच हो किंवा नाही देता येत नाही. तिथे प्रत्येक गेमला पातळी असते: `Minimal`, `Mild`, `Moderate` आणि त्यापुढची प्रौढांची. बहुतेक जण `Mild` म्हणजे निर्धास्त असं धरतात, पण त्या पातळीत खरं न वाटणारं रक्त भरपूर असू शकतं. खरं वाटणारं थोडं रक्त `Moderate` पासून येतं. तुमच्या अटींनुसार पालकांच्या सेटिंगमध्ये `Minimal` ठेवा.

आता फोनचं कुलूप. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या चित्रावर दाबा, मग `Settings`, `Family`, `Parental controls`. ते चालू करा, मुलाला माहीत नसलेला पिन टाका, आणि `Apps & games` मध्ये ७+ निवडा. यापुढचा एखादा गेम तुम्हाला मान्य असेल तर पिन टाकून तेवढ्यापुरतं उघडा. हे कुलूप फक्त त्याच फोनवर चालतं, आणि आधीच टाकलेले गेम ते काढत नाही, तेव्हा फोनमध्ये काय आहे ते आधी बघून घ्या. मित्रानं पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय गेम टाकणारी फाइल, हीही याला जुमानत नाही. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये `Install unknown apps` शोधा आणि व्हॉट्सअॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ते बंद करा.

फोन त्याचा स्वतःचा असेल तर गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं अॅप लावा, म्हणजे प्रत्येक नवीन गेमची परवानगी तुमच्या फोनवर येईल. यात एक फट आहे: एकदा मंजूर झालेला गेम काढून टाकला तरी तो पुन्हा टाकताना परवानगी मागितली जात नाही. म्हणून नको असलेला गेम नुसता काढू नका, फॅमिली लिंकमध्ये त्याच्या नावापुढे जाऊन ब्लॉक करा.

लॅपटॉपवर स्टीमचं खातं बाबांच्या नावानं काढा. तिथे वयाची अट तेरा आहे, मुलाचं वय खोटं सांगायची गरज नाही. खात्याच्या `Store Preferences` मध्ये `Frequent Violence or Gore` च्या पुढची खूण काढा, म्हणजे तशी नोंद असलेले गेम दुकानात दिसणार नाहीत. ही नोंद गेम बनवणारे स्वतः करतात, म्हणून तीवर विसंबून तीन प्रश्न सोडू नका. कार्डाची माहिती खात्यात साठवून ठेवू नका.

राहिली सोसायटीतली मुलं, आणि ताई, खरी ओढ तीच आहे. त्याला बीजीएमआयपेक्षा त्या मुलांसोबत खेळायचं आहे. त्यांना घरी बोलवा. एकाच वायफायवर असतील तर चार फोनांवरून माइनक्राफ्टचं एकच जग खेळता येतं. ज्याचं जग आहे त्यानं सेटिंगमध्ये `Visible to LAN Players` चालू ठेवायचं. ही मुलं आत शिरल्या शिरल्या एकमेकांवर तलवारी उपसतात, आणि माणसांवरच्या मारामारीचा तुमचा नियम तिथे पुन्हा निघतो. त्यावर तोड आहे. त्या जगाच्या सेटिंगमध्ये आज्ञा, म्हणजे `Cheats`, चालू करून चॅटमध्ये या दोन ओळी एकेक टाका:

```
/gamerule pvp false
/difficulty easy
```

पहिल्या ओळीनं मुलांना एकमेकांवर वार करता येत नाही, दुसरीनं राक्षस येत राहतात. आज्ञा चालू केल्या की त्या जगात बक्षिसांची पदकं मिळणं बंद होतं, हे मुलाला आधीच सांगा; नंतर कळलं तर तो तुमच्यावर रुसेल. पदकांसाठी त्याचं स्वतःचं जग वेगळं ठेवा, मित्रांचं वेगळं.